गोळ्यांनी ताठरता येत नसेल तर: इंजेक्शन, व्हॅक्यूम पंप की इंप्लांट?

प्रश्न: माझे वय 56 आहे. 14 वर्षांपासून मधुमेह आहे. सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल दोन्ही घेऊन पाहिल्या, पण संबंध येण्याइतका ताठपणा येत नाही. डॉक्टरांनी इंजेक्शन, व्हॅक्यूम पंप आणि इंप्लांट असे तीन मार्ग सांगितले आहेत. लिंगात सुई टोचायची कल्पनाच सहन होत नाही, म्हणून थेट इंप्लांट करून मोकळे व्हावे असे वाटते. पत्नीची हरकत नाही. हे योग्य होईल का?

उत्तर:

थेट इंप्लांटकडे वळू नये, असे माझे मत आहे. इंप्लांट वाईट आहे म्हणून मी हे सांगत नाही. योग्य माणसाला त्याचा फार चांगला उपयोग होतो. परंतु लिंगातील ज्या स्पंजसारख्या ऊतींत रक्त भरून ताठरता येते, त्या ऊती दाबून जागा केल्याशिवाय इंप्लांट बसवता येत नाही. पुढे कोणत्याही कारणाने ते काढावे लागले, तर त्या ऊती पूर्ववत होत नाहीत, आणि मग गोळी किंवा इंजेक्शन यांचाही भरवसा उरत नाही. इंजेक्शन आणि पंप मात्र आज सुरू करून उद्या बंद करता येतात. म्हणून परतीचा रस्ता असलेले दोन उपाय आधी नीट वापरून पाहावेत आणि ते जमले नाहीत किंवा नकोसे झाले, तर निःशंक मनाने इंप्लांट करून घ्यावे.

तीन उपायांपैकी कोणता आपल्याला लागू पडेल हे कळण्यासाठी गोळी का चालली नाही, हे समजून घेतले पाहिजे. लैंगिक उत्तेजना झाली की लिंगातील मज्जातंतूंच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड सुटते, त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतींतले आणि स्पंजातले स्नायू सैल पडतात, रक्त वेगाने आत येते आणि आत साठलेल्या रक्ताच्या दाबामुळे ते बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जाऊन रक्त आतच अडकते. गोळी ही क्रिया सुरू करत नाही. मज्जातंतूंनी दिलेला संदेश लवकर विरू नये एवढेच काम ती करते. दीर्घकाळच्या मधुमेहात हे मज्जातंतूच क्षीण झालेले असतात, आणि मुळात संदेशच नसेल तर टिकवायचे काय, हा प्रश्न उरतो. प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्यांचीही हीच स्थिती असते. इंजेक्शनमधील औषध मज्जातंतूंची वाट न पाहता स्नायूंना थेट सैल करते. पंप स्नायूंनाही वगळून केवळ निर्वात दाबाने रक्त ओढतो. इंप्लांटला तर रक्ताचीही गरज नसते.

मात्र गोळ्या खरोखरच निरुपयोगी ठरल्या आहेत का, याची एकदा खात्री करून घ्या, कारण ‘गोळी चालत नाही’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच जणांनी ती चुकीच्या पद्धतीने घेतलेली असते. सिल्डेनाफिल रिकाम्या पोटी, संबंधाच्या सुमारे तासभर आधी घ्यायची असते. तेलातुपाच्या जेवणानंतर घेतली तर तिचा परिणाम उशिरा आणि कमी दिसतो. टाडालाफिलला जेवणाची अडचण नाही, पण तिला किमान दोन तास द्यावेत. दोन्ही गोळ्यांना प्रत्यक्ष उत्तेजना लागते; गोळी घेऊन नुसते वाट पाहत बसल्याने काही होत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिलेल्या पूर्ण मात्रेत, म्हणजे सामान्यतः सिल्डेनाफिल 100 किंवा टाडालाफिल 20 मिलिग्रॅम, वेगवेगळ्या दिवशी किमान सहा ते आठ वेळा घेऊनही उपयोग झाला नसेल, तरच ती निरुपयोगी ठरली असे म्हणता येते. त्याबरोबर सकाळी लवकर रक्त देऊन टेस्टोस्टेरॉन तपासून घ्या. मधुमेह्यांमध्ये ते कमी असण्याचे प्रमाण बरेच असते आणि ते कमी असताना गोळ्यांचा परिणामही कमी होतो. छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेटचे दुसरे औषध चालू असेल, तर या गोळ्या मुळीच घेऊ नयेत. अशा माणसांना इंजेक्शन किंवा पंप वापरता येतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

आता तुमच्या भीतीविषयी. ही सुई इन्शुलिनच्या सिरिंजचीच असते, 29 ते 31 गेजची बारीक सुई. लिंगाच्या बाजूच्या त्वचेला ती मुंगी चावल्यापेक्षा फार वेगळी लागत नाही. इन्शुलिन घेणाऱ्यांची भीती पहिल्या इंजेक्शननंतर बहुधा ओसरते. ज्यांची ओसरत नाही, त्यांच्या पत्नीला आम्ही इंजेक्शन द्यायला शिकवतो. ही पद्धत 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून वापरात आहे. फ्रान्सचे रोनाल्ड विराग यांनी 1982 मध्ये पापावेरिनचा परिणाम प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनचे जाइल्स ब्रिंडली यांनी लास वेगास येथील यूरॉलॉजिस्टांच्या सभेत स्वतःवर केलेल्या इंजेक्शनचा परिणाम सर्वांसमक्ष दाखवला. आज मुख्यतः अल्प्रोस्टॅडिल वापरतात, किंवा पापावेरिन आणि फेंटोलामाइन यांचे मिश्रण वापरतात. काहींना तिन्ही एकत्र द्यावी लागतात.

पहिले इंजेक्शन घरी कधीही घ्यायचे नसते. ते दवाखान्यात, कमीत कमी मात्रेत देऊन परिणाम पाहिला जातो आणि मात्रा पुरेशी ठरली नाही तर दुसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर थोडी वाढवली जाते. ज्यांना मज्जातंतूंचा त्रास आहे पण रक्तवाहिन्या चांगल्या आहेत, त्यांना अगदी थोडे औषधही जास्त होते. म्हणून मित्राला लागू पडलेली मात्रा आपल्याला लागू पडेल असे समजू नये.

टोचण्याची जागा महत्त्वाची आहे. लिंगाच्या वरच्या बाजूला मधोमध मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या असतात, खालच्या बाजूला मूत्रमार्ग असतो. म्हणून सुई बाजूला, घड्याळातील 10 किंवा 2 च्या आकड्याच्या जागी आणि लिंगाच्या मुळाकडच्या अर्ध्या भागात टोचायची. कातडी मागे घेऊन शिश्नमुंड बोटांत धरावे, लिंग मांडीच्या दिशेने ताणावे, वरून दिसणारी शीर टाळावी आणि सुई सरळ काटकोनात पूर्ण आत घालावी. औषध काही सेकंदांत सहज आत गेले पाहिजे. जोर लावावा लागत असेल, किंवा त्वचेखाली फुगवटा येत असेल, तर सुई स्पंजात पोहोचलेली नाही. ती थोडी पुढे-मागे करावी. मूत्रमार्गाच्या तोंडाशी रक्ताचा थेंब दिसला तर सुई फार खाली गेली आहे असे समजावे. सुई काढल्यावर ती जागा पाच मिनिटे दाबून धरावी. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर दहा मिनिटे. पोट सुटलेले असेल आणि जागा दिसत नसेल, तर समोर आरसा ठेवावा. इन्शुलिनच्या पेनच्या 4 मिलिमीटर सुया यासाठी आखूड पडतात. परिणाम पाच ते पंधरा मिनिटांत दिसू लागतो आणि अर्धा ते एक तास टिकला तर मात्रा योग्य आहे. चोवीस तासांत एकदाच आणि आठवड्यात दोन-तीनदाच इंजेक्शन घ्यावे, तेही प्रत्येक वेळी बाजू बदलून. पहिले चालले नाही म्हणून त्याच दिवशी दुसरे टोचायचे नाही, हा नियम मी प्रत्येकाकडून वदवून घेतो.

यातला खरा धोका कसा उद्भवतो, हे एका रुग्णाच्या उदाहरणाने सांगतो. 58 वर्षांचे एक गृहस्थ. मधुमेह तुमच्याइतकाच जुना. त्यांना आम्ही पापावेरिन 30 मिलिग्रॅम आणि फेंटोलामाइन 1 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असे मिश्रण दिले. पहिल्या भेटीत 0.1 मिलिलिटर दिल्यावर लिंग फुगले, पण कडक झाले नाही. पुढच्या भेटीत 0.2 दिल्यावर कडक झाले, मात्र संबंधासाठी अपुरे. तिसऱ्या भेटीत 0.3 मिलिलिटरने पूर्ण ताठरता आली आणि ती पाऊण तासात आपोआप उतरली. 0.3 ही त्यांची घरची मात्रा ठरली. त्यांना आम्ही यू-100 ची, नारिंगी टोपणाची सिरिंज दिली होती, आणि त्यावर 0.3 मिलिलिटर म्हणजे 30 ची रेघ. काही महिने सर्व ठीक चालले. पुढे सिरिंज संपल्या आणि त्यांनी घरातली इन्शुलिनची यू-40 ची, लाल टोपणाची सिरिंज घेऊन तिच्यावरही 30 च्या रेघेपर्यंतच औषध भरले. यू-40 च्या सिरिंजमध्ये 40 रेघा मिळून एक मिलिलिटर होतो, त्यामुळे 30 च्या रेघेवर 0.75 मिलिलिटर औषध भरले गेले, म्हणजे ठरलेल्या मात्रेच्या अडीचपट. रात्री साडेदहाला टोचले, दीड वाजता ताठरता तशीच आणि दुखू लागलेली. त्यांनी लाज बाजूला ठेवून फोन केला, ही फार मोलाची गोष्ट केली. रुग्णालयात पोहोचल्यावर लिंगातून सुईने काळपट, घट्ट झालेले रक्त काढले, रक्तदाबावर लक्ष ठेवत फेनिलेफ्रिनची छोटी इंजेक्शने काही मिनिटांच्या अंतराने दिली आणि पहाटेपर्यंत ताठरता उतरली. पुढे त्यांना काही इजा राहिली नाही.

ते चार तासांच्या आत आले म्हणून हे शक्य झाले. अडकलेल्या रक्तातला प्राणवायू संपला की स्पंजाचे स्नायू मरू लागतात. जसजसे तास उलटतात तसतशी ही हानी कायमची होत जाते, आणि मग पुढे इंजेक्शनही उपयोगी पडत नाही. म्हणून दोन तास झाले आणि उतार दिसत नसेल तर डॉक्टरांना फोन करावा; चार तासांपर्यंत कोणत्याही परिस्थितीत आपत्कालीन विभागात पोहोचलेले असावे. बर्फ लावून किंवा वीर्यपतन करून ताठरता उतरेल या आशेवर रात्र काढू नये. दवाखान्यातून औषध नेताना मात्रा मिलिलिटरमध्ये लिहून घ्या, ‘युनिट’मध्ये नाही, आणि या इंजेक्शनच्या सिरिंज इन्शुलिनच्या सिरिंजपासून वेगळ्या डब्यात ठेवा. मधुमेही घरात दोन्ही प्रकारच्या सिरिंज असण्याची शक्यता मोठी असल्याने हे मी विशेष आग्रहाने सांगतो.

सिकलसेलच्या रुग्णांमध्ये ताठरता न उतरण्याचा धोका मुळातच जास्त असतो. विदर्भातील आणि नंदुरबारकडील अनेक समाजांमध्ये हा आजार आढळतो. तुमचे मूळ त्या भागातले असेल किंवा घरात कुणाला सिकलसेल असेल, तर ती तपासणी झाल्याशिवाय इंजेक्शन घेऊ नका. ल्युकेमिया असलेल्यांनाही हाच धोका आहे.

बाकीचे त्रास सावकाश वाढणारे आहेत. एकाच जागी वारंवार टोचल्याने आत गाठ किंवा व्रण तयार होऊन लिंगाला बाक येऊ शकतो, म्हणून महिन्यातून एकदा स्वतः बोटांनी चाचपावे आणि दर काही महिन्यांनी डॉक्टरांना दाखवावे. अल्प्रोस्टॅडिलने काही जणांना लिंगात ठणका लागतो. मात्रा कमी करून किंवा मिश्रणावर जाऊन तो कमी करता येतो. अल्प्रोस्टॅडिल असलेले औषध फ्रीजमध्येच ठेवावे. परिणाम हळूहळू घटू लागला तर मात्रा वाढवण्याआधी औषध जुने झाले नाही ना, हे पाहावे. इंजेक्शनने ताठरता येत असूनही पहिल्या वर्षातच ते सोडून देणारे अनेक असतात, कारण प्रत्येक वेळी तयारी करावी लागते आणि त्याचा कंटाळा येतो. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. ते सोडायचे ठरवले, तरी इंजेक्शनने ताठरता येते की नाही, ही माहिती पुढच्या निर्णयासाठी उपयोगी पडतेच.

व्हॅक्यूम पंपाविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्याची कृती सोपी आहे. लिंगावर प्लॅस्टिकची नळी बसवायची, हाताने किंवा बॅटरीवर चालणाऱ्या पंपाने आतली हवा काढायची, लिंगात रक्त भरले की मुळाशी घट्ट रबरी रिंग सरकवायची आणि नळी काढून घ्यायची. रिंग 30 मिनिटांहून जास्त ठेवायची नाही, आणि ती लावून झोपायचे तर मुळीच नाही. केस कापलेले असावेत आणि नळीच्या कडेला पाण्यात विरघळणारे जेल भरपूर लावावे, नाही तर हवा आत शिरत राहते. आधी रिंगशिवाय आठवडाभर रोज सराव केला की हात बसतो. पंप घेताना त्यावर दाब मर्यादित ठेवणारी झडप आहे याची खात्री करा. लिंग लांब करण्याच्या जाहिराती करून विकल्या जाणाऱ्या स्वस्त पंपांत ती बहुधा नसते, आणि अतिदाबाने त्वचेखाली रक्त साकळते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच पंप वापरावा.

पंपाने आलेली ताठरता नैसर्गिक ताठरतेसारखी नसते, हे दोघांनीही आधी समजून घ्यावे. रक्त रिंगच्या पुढेच भरते, शरीराच्या आत गेलेला लिंगाचा भाग मऊच राहतो, त्यामुळे लिंग मुळाशी हलते आणि हाताने आधार देऊन दिशा द्यावी लागते. त्वचा थंड आणि निळसर दिसते. रिंगमुळे वीर्य बाहेर येत नाही किंवा नंतर ओघळते; त्याने इजा होत नाही, पण आधी कल्पना नसेल तर माणूस घाबरतो. तुमच्यासारख्या जुन्या मधुमेह्याच्या लिंगाची संवेदना कमी असेल, तर रिंग टोचते आहे हे कळतही नाही, म्हणून घड्याळ समोर ठेवा. वर्षानुवर्षे एकत्र असलेल्या, एकमेकांशी मोकळेपणाने बोलणाऱ्या जोडप्यांना पंप चांगला जमतो, असे मी पाहिले आहे. सुईची भीती खरोखरच घालवता येत नसेल, तर तुम्ही पंपापासून सुरुवात करावी.

आता इंप्लांट. ते दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात दोन लवचिक कांड्या असतात. हव्या त्या वेळी हाताने वर करायच्या, एरवी खाली वाकवून ठेवायच्या. भारतात हा प्रकार बराच वापरला जातो आणि मुंबईत विकसित झालेले शाह इंप्लांट त्यातलेच. त्याचा खर्च तुलनेने कमी असतो आणि बिघडण्यासारखे त्यात फारसे काही नसते, पण लिंग कायम घट्टच राहत असल्याने पातळ कपड्यांतून जाणवू शकते. दुसऱ्या प्रकारात दोन पोकळ नळ्या लिंगात, एक छोटा पंप वृषणांच्या पिशवीत आणि सलाइनची टाकी ओटीपोटात बसवतात. पंप दाबला की पाणी नळ्यांत येऊन ताठरता येते, बटण दाबले की लिंग पुन्हा मऊ होते. हा प्रकार 1973 मध्ये अमेरिकेत प्रथम वर्णिला गेला आणि तेव्हापासून सतत सुधारत आला आहे. दिसायला आणि वापरायला तो नैसर्गिकतेच्या जवळ जातो, मात्र खर्च काही लाखांत जातो आणि हे यंत्र असल्यामुळे वर्षांनी ते निकामी होऊन पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. बोटांत संधिवात असेल तर पिशवीतला पंप दाबणे अवघड जाते, हेही आधी करून पाहावे; डॉक्टरांकडे नमुना असतो.

इंप्लांटने ताठरता येते, पण इच्छा वाढत नाही आणि लांबीही वाढत नाही. स्पर्शाची जाणीव, लैंगिक सुखाचा क्षण आणि वीर्यपतन शस्त्रक्रियेपूर्वी जसे होते तसेच साधारणपणे राहते. शिश्नमुंड मात्र पूर्वीसारखे फुगत नाही. मी शस्त्रक्रियेआधी लिंग हाताने ताणून, मोजपट्टी लावून रुग्णाला दाखवतो आणि नंतर साधारण एवढीच लांबी मिळेल असे सांगतो. निराशा होते ती बहुधा तरुणपणीची लांबी मनात धरून आलेल्यांची.

सर्वांत गंभीर गुंतागुंत म्हणजे जंतुसंसर्ग. पहिल्यांदा होणाऱ्या शस्त्रक्रियेत तो शंभरात एक ते तिघांना होतो आणि साखर अनियंत्रित असेल तर धोका वाढतो. संसर्ग झालेले इंप्लांट केवळ प्रतिजैविकांनी बहुधा वाचत नाही, ते काढावेच लागते. म्हणून एचबीएवनसी 8 च्या आसपास किंवा त्याखाली येईपर्यंत मी तारीख देत नाही. लघवीत संसर्ग नसावा, जांघेत गजकर्ण किंवा फोड नसावेत, आणि प्रोस्टेटमुळे लघवीचा त्रास असेल तर आधी त्याचे उपचार पूर्ण व्हावेत. शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे संबंध टाळावे लागतात. पंपाचा प्रकार असेल तर तो चालवायला त्याच सुमारास शिकवतात. सुरुवातीचे दुखणे दिवसेंदिवस कमी होत गेले पाहिजे. ते कमी होण्याऐवजी वाढू लागले, पिशवीची त्वचा पंपाला चिकटल्यासारखी वाटली, जखमेतून पाणी आले किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दाखवावे.

शस्त्रक्रिया झाल्यावर इंप्लांटचा प्रकार, कंपनी आणि मापे लिहिलेले कार्ड मागून घ्या आणि ते फाइलमध्ये न ठेवता पाकिटात ठेवा. पुढे कधीही, कोणत्याही कारणाने लघवीची नळी घालायची वेळ आली, तर घालणाऱ्याला ते आधी दाखवा; फुगवलेल्या इंप्लांटमध्ये नळी घातली तर मूत्रमार्गाला इजा होऊ शकते, आणि वॉर्डातल्या नव्या डॉक्टरला नुसते पाहून इंप्लांट असल्याचे कळेलच असे नाही. हे कार्ड कुठे आहे, ते पत्नीलाही ठाऊक असू द्या.